प्रेस शॉपमध्ये सकाळची सेफ्टी सांगायची आहे, पोरं ऐकतील असं बोलायचं कसं?

साकीनाक्याचा_सुपरवायझर

नमस्कार मंडळी. मी साकीनाक्याला एका गाळ्यात सुपरवायझर आहे. पत्र्याचं काम, वॉशर, ब्रॅकेट, इलेक्ट्रिक फिटिंगच्या क्लिपा असलं. सहा पॉवर प्रेस आहेत, एक ५० टनी आणि बाकी १० नि २० टनी, सगळ्या जुन्या पिन क्लचच्या, पायाच्या पॅडलवर चालणाऱ्या. माणसं चौदा, त्यात चार मराठी, बाकी यूपी बिहारची आणि दोघं ओडिशाचे.

दोन आठवड्यांपूर्वी एका पोराचं थोडक्यात वाचलं. जॉब डायमध्ये तिरका बसला म्हणून हाताने सरळ करायला गेला आणि पाय पॅडलवरच होता, दाबला गेला. ग्लोव्हज एक साइज मोठे होते, बोटाच्या पुढे रिकामं टोक होतं तेवढंच कापलं गेलं. ते अर्ध्या इंचाचं कापडाचं टोक मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवलंय, टाकवत नाही.

शेठ म्हणाले उद्यापासून रोज सकाळी पाच मिनिटं सेफ्टी सांगायची. मी रात्री बसून पंधरा मुद्दे लिहिले, "यंत्र चालू असताना धोकादायक क्षेत्रात हात घालू नये", "वैयक्तिक सुरक्षा साधनांचा वापर करावा" अशा भाषेत, आणि सकाळी हिंदीत करून वाचून दाखवले. सातव्या मुद्द्याला पोरं खाली बघायला लागली. शेवटी विचारलं समजलं का, तर सगळे एका सुरात हो. आणि साडेदहाला बघतो तर तोच पोरगा, तोच, बोटाने जॉब काढतोय.

वाचून दाखवण्यात अर्थ नाही एवढं कळलं. मग बोलायचं कसं? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा, नेमके शब्द सांगा.

आवाज_माझा

दादा, गळ्यात अडकवायचा छोटा स्पीकर मिळतो, कॉलर माइकवाला, टूरिस्ट गाइड वापरतात तो. लॅमिंग्टन रोडला बघा, चार्जिंगचा घ्या, सेलचा नको. प्रेसच्या आवाजात साध्या घशाने बोललात तर महिन्यात घसा बसेल. आमच्या मंडळाला दोन घेतलेत, गर्दीत पण स्वच्छ ऐकू येतं.

साकीनाक्याचा_सुपरवायझर

धन्यवाद दादा, पण ऐकू येण्याचा प्रश्न नाहीये, मी मशीन सुरू व्हायच्या आधीच बोलतो. ऐकू येतं पण आत जात नाही असं झालंय.

रोखठोक_भांडुप

मी सरळ सांगतो. पंधरा मुद्दे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत, दोनच ठेवा. एक, मोटर बंद केल्याशिवाय डायमध्ये हात नाही. दोन, ग्लोव्हज कंपल्सरी. आणि जो चुकेल त्याचा त्या दिवसाचा अर्धा पगार कापायचा. आमच्याकडे असंच आहे, तीन वर्षांत एक बोट गेलं नाही. भाषण करून कोणी सुधरत नाही, खिशाला लागलं की सुधरतो.

जुना_टूलरूमवाला

साकीनाका, सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा. मी डाय सेटर म्हणून सुरुवात केली, मग टूलरूमला, ३४ वर्षं मुलुंड भांडुप पट्ट्यात काढली. शेवटची दहा वर्षं सकाळचं बोलणं माझ्याकडेच होतं.

आधी रोखठोक यांच्या दोन मुद्द्यांबद्दल, कारण ते अर्धे बरोबर आहेत आणि उरलेला अर्धा बोट घेतो. मुद्दे कमी ठेवा हे शंभर टक्के खरं. पण मोटर बंद म्हणजे प्रेस बंद असं नाही. बटण दाबलं की मोटरचा करंट जातो, पण फ्लायव्हील फिरतच राहतं, मशीनप्रमाणे मिनिटभर फिरेल किंवा त्याहून जास्त. त्या वेळात पॅडलवर पाय पडला की पिन लागते आणि रॅम खाली येतो, मोटर बंद असताना येतो. मोटर बंद केली म्हणून निर्धास्त हात घातलेली माणसं मी पाहिली आहेत. ग्लोव्हज पत्र्याच्या धारेसाठी, ते घाला, पण पंचपुढे ग्लोव्हज म्हणजे कागद. पोरांना तसं स्पष्ट सांगा, नाहीतर ग्लोव्हज घातले म्हणून हात जास्तच पुढे जातो.

आता बोलायचं कसं. पहिली गोष्ट, ऑफिसच्या दारात उभं राहून बोलू नका. प्रेसजवळ गोल करून उभं करा, मेन स्विच बंद, चाक पूर्ण थांबलेलं, आणि बोटाने दाखवत बोला. दुसरी गोष्ट, एका सकाळी एकच धोका, आणि तोच आठवडाभर. पोरं म्हणतील कालच सांगितलं की, तर म्हणा हो, उद्या पण सांगणार आहे. गाडीत चढल्यावर आपण दरवाजात धरायला दांडा विचार करून शोधत नाही, हात आपोआप जातो. तसं त्यांच्या पायाचं झालं पाहिजे.

मी बोलायचो ते जसंच्या तसं देतो:

"सगळे इकडे बघा. हे पॅडल. हा पंच. पॅडल दाबलं की पंच खाली येतो. पाय उचलला, तर मधे थांबतो का? नाही थांबत. बटण बंद केलं, मधे थांबतो का? नाही थांबत. आई गं म्हणून ओरडलं, थांबतो का? नाही थांबत. निघाला की खाली जाणार, वर येणार, मगच थांबणार. म्हणून हात कुठे? बाहेर. जॉब ठेवायचा कशाने? चिमट्याने. जॉब काढायचा कशाने? चिमट्याने. जॉब तिरका बसला, सरळ करायचा कशाने? चिमट्याने. घाई आहे, टेम्पो खाली उभा आहे, शेठ ओरडतोय, हात कुठे? बाहेर."

"नाही थांबत" हे मी नाही म्हणायचं, ते त्यांनी म्हणायचं. पहिल्या दिवशी लाजतात, तिसऱ्या दिवशी तुमच्या आधी म्हणतात. आणि ही नुसती घोकंपट्टी नाही, पिन क्लचचा स्वभावच तो आहे. पिन एकदा लागली की क्रँक पूर्ण चक्कर मारते, मधे सोडवायची सोयच नाही. एअर क्लचच्या मशीनला मधे थांबवता येतं, तुमच्या मशीनला नाही. पोराला पिन, क्रँक काही सांगू नका, "निघाला की थांबत नाही" एवढं पुरे.

जॉब अडकला की काय करायचं त्याचं वेगळं सांगतो, आत्ता नातू बोलावतोय.

कुर्ल्याचा_नंदू

काका, तुमचं ते नाही थांबत वाचलं आणि हात थरथरला हो.

माझ्या वडिलांची उजव्या हाताची दोन बोटं कुर्ल्याच्या एका गाळ्यात गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. मी सातवीत होतो. गाळ्याचं नाव घेत नाही, आता तो गाळाच राहिला नाही. ते नवखे नव्हते, अकरा वर्षं प्रेसवर होते. आम्ही विचारायचो की बाबा तुम्हाला माहीत नव्हतं का, तर म्हणायचे माहीत होतं रे, पण दिवसाला तीन हजार वेळा हात आत बाहेर, पाय खाली वर, एक ताल बसतो, गाणं म्हटल्यासारखं. त्या दिवशी एक वॉशर पंचला चिकटून वर गेला आणि ताल तुटला. हात एक ठोका जास्त आत राहिला, पाय आपल्या ठोक्यावर पडला. बस, एवढंच झालं.

तेव्हाच्या सरकारी तक्त्यात, तो १९२३च्या भरपाईच्या कायद्याचा, अंगठ्याशेजारचं पूर्ण बोट म्हणजे कमाईची ताकद १४ टक्के गेली आणि एका हाताची दोन बोटं म्हणजे २० टक्के. वीस टक्के. बाबांना त्यानंतर शर्टाचं बटण लावता यायचं नाही, आई लावायची, आणि ती माहेरी गेली की ते टीशर्ट घालायचे. हे तुमच्या पोरांना सांगा साहेब, बटणाचं. रक्ताचं सांगू नका, रक्त सगळ्यांनी पिक्चरमध्ये बघितलेलं असतं.

पॅकिंगवाली_वैशाली

नंदूदादा, वाचून डोळ्यात पाणी आलं.

माझा प्रेसचा अनुभव नाही, मी मरोळला औषधांच्या पॅकिंगला होते, कन्व्हेअर बेल्टवर. माझी ओढणी एकदा रोलरमध्ये गेली, बाजूच्या बाईने लाल बटण दाबलं म्हणून मानेपर्यंत आली नाही. त्यानंतर आमच्या लीडर ताईंनी सांगायची पद्धतच बदलली ते सांगते, तुम्हाला उपयोग होईल बघा.

त्या समजलं का असं विचारायच्याच नाहीत. म्हणायच्या, सुनीता तू दाखव. आणि सुनीताने पुढे येऊन ओढणी काढून, केस बांधून, लाल बटण कुठंय त्यावर हात ठेवून दाखवायचं, तोंडाने काही नाही बोललं तरी चालेल. आम्ही तिघी चौघी गुजराती, दोघी तमिळ होतो, भाषेचा प्रश्नच संपला. तुमच्या ओडिशाच्या मुलांना हिंदी तरी सगळं कळतं का? हो म्हणतात ते भीतीने पण असेल. दाखव म्हटलं की लगेच कळतं कोणाला आलं, कोणाला नाही.

साकीनाक्याचा_सुपरवायझर

वैशालीताई, दाखव हे एकदम पटलं. नंदूदादा, बटणाचं नक्की सांगणार, तुमचं नाव न घेता.

टूलरूमकाका, अडकलेल्या जॉबचं लिहा की, आमचं तर तिथेच चुकलं होतं.

रोखठोक_भांडुप

काका, फ्लायव्हीलचं मान्य, मी पाटीवर चाक थांबल्यावर असं वाढवून घेतो. पण एक शंका आहे, ६० स्ट्रोकच्या मशीनवर रॅम खाली यायला अर्धा सेकंद लागतो ना, मग सावध माणूस हात काढू शकतो की. शेवटी लक्ष देणं महत्त्वाचं. अर्ध्या तासाने मोबाइल बघणाऱ्याचं बोट जाणार, त्याला भाषण काय करणार.

जुना_टूलरूमवाला

रोखठोक, तुमची छोटी १० टनी ६०वर नसते, १००च्या आसपास असते, म्हणजे अर्धा पण नाही. पण ते सोडा. यावर मी पोरांना वाद घालून पटवत नव्हतो, नोट दाखवत होतो. तुम्ही पण उद्या करून बघा.

कोरी पाचशेची नोट उभी धरायची. पोराने अंगठा आणि बोट नोटेच्या मध्यावर, न टेकवता, उघडं ठेवायचं. सांगायचं, मी सोडणार, पकडलीस तर तुझी. आणि न सांगता सोडायची. नोट १५ सेंटिमीटर, अर्धी म्हणजे साडेसात, तेवढं पडायला सव्वा दशांश सेकंद पण लागत नाही, आणि डोळ्याने बघून बोटं मिटायला माणसाला साधारण दोन दशांश लागतात. दहा वर्षांत माझी एकच नोट गेली, आणि त्या पोराने मी सोडायच्या आधी अंदाजाने बोटं मिटली होती. सगळे पुढे येतात, सगळ्यांना पाचशे पाहिजेत, सगळ्यांचं लक्ष शंभर टक्के नोटेवर, मोबाइल नाही, झोप नाही, आणि तरी नोट खाली. मग विचारायचं, इतकं लक्ष होतं, पकडली का? नाही. पंच येताना दिसला, हात निघेल का? इथे कोणी उत्तर देत नाही, गप्प होतात. तेव्हा लगेच म्हणायचं, म्हणून हात आतच नाही. हात कुठे? बाहेर.

नोट पकडायला बोटं नुसती मिटायची असतात. प्रेसवर हात मागे ओढायचा असतो, आणि पाय आपलाच दाबत असतो, त्यामुळे चूक झाली हे कळायलाच उशीर होतो. म्हणून लक्ष दे, सावध राहा, काळजी घे असले शब्द मी सकाळच्या बोलण्यातून काढून टाकले होते. लक्ष दे म्हटल्यावर पोराने नक्की काय करायचं? पाय मागे घे म्हटलं की तो पाय मागे घेतो.

आता अडकलेला जॉब. पाच हुकूम, प्रत्येक दोन शब्दांचा, बोटांवर मोजायचे:

"पाय मागे. मेन बंद. चाक बघ. ठोकळा लाव. मग हात."

पाय मागे म्हणजे पॅडलवरून उचलून नुसता हवेत नाही, पाऊलभर मागे जमिनीवर. मेन बंद म्हणजे भिंतीवरचा मेन स्विच, मशीनचं बटण नाही, आणि त्याला टाळा, चावी हात घालणाऱ्याच्याच खिशात. चाक बघ म्हणजे डोळ्याने, कानाने नाही, कारण शेजारची प्रेस चालू असते, आवाजावरून कळत नाही. फ्लायव्हीलवर पांढऱ्या पेंटचा एक पट्टा मारून घ्या, तो पट्टा स्थिर दिसला की चाक थांबलं. ठोकळा म्हणजे रॅमखाली उभा करायचा लोखंडी किंवा जाड ॲल्युमिनियमचा सेफ्टी ब्लॉक, रॅम वर असताना खालच्या मोकळ्या जागेत बरोबर बसेल असा टूलरूममधून करून घ्या. लाकडाचा फाळका नको. आणि ठोकळा चाक थांबल्यावरच, फिरत्या चाकावर ठोकळा लावला आणि स्ट्रोक पडला तर तो ठोकळा बंदुकीसारखा बाहेर येतो.

ठोकळा आत विसरून मशीन सुरू करणं ही पण नेहमीची चूक. आम्ही मेनच्या टाळ्याची चावी आखूड साखळीने ठोकळ्यालाच बांधली होती. टाळा उघडायचा तर चावी पाहिजे, चावी पाहिजे तर ठोकळा काढून आणायला पाहिजे, आणि तो लावणाऱ्यानेच काढायचा. वर खिशात म्हटलं ते ठोकळा लागेपर्यंत.

हे बोलून नाही, करून घ्यायचं. वैशालीताईंची लीडर जे करायची तेच. रोज एका पोराला पुढे बोलवा, मेन बंद असलेल्या मशीनवर पाचही पायऱ्या करायला लावा, बाकीच्यांनी मोठ्याने हुकूम म्हणायचे. करणारा चुकला की बाकीचे ओरडतात, तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

परळकर_मिलवाला

टूलरूमवाले साहेब, तुमचं वाचून गिरणीचे दिवस आठवले. आमच्या वडिलांना जॉबर असंच ओरडून शिकवायचा, लूमचा धोटा सुटून उडायचा तेव्हा. पण एक विचारतो, हे सगळं कामगाराने लक्षात ठेवायचं, मग मालकाने काय करायचं? १९४८च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम २१ पासून धोक्याचा भाग झाकणं मालकावर आहे. पंचभोवती पिंजरा असता, पट्टी सरकवायला खाली फट ठेवून, तर हात आत गेलाच नसता आणि तुमचं हात कुठे बाहेर म्हणायची गरजच पडली नसती. पोरांना घोकायला लावून जबाबदारी त्यांच्या डोक्यावर टाकू नका एवढंच.

जुना_टूलरूमवाला

परळकर, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मी आधी लिहायला हवं होतं. पट्टीतून वॉशर मारायच्या डायला पिंजरा लागलाच पाहिजे, खर्च किरकोळ आहे, सळ्या नि पट्ट्या वेल्ड करायच्या, बोट जाणार नाही एवढीच फट. पॅडलवर वरून झाकण पण लागलंच पाहिजे, वरून काही पडलं, कोणाचा पाय घसरला तर दाबलं जाऊ नये म्हणून. सुट्या जॉबवर, ब्रॅकेट वाकवताना वगैरे, पिंजरा अडतो, तिथे दोन हातांची बटणं. पिंजरा असेल तिथे बोलणं सोपं होतं, "पिंजरा नाही, काम नाही", बस.

पण दोन बटणांचं एक सांगतो, एक बटण तारेने किंवा काडी खोचून दाबून ठेवतात, म्हणजे एक हात मोकळा. ते बटण तसं करता येणार नाही असं वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायचं, प्रत्येक स्ट्रोकला दोन्ही सोडून परत दाबावी लागतील असं. आणि पिन क्लचवर पाय किंवा बटण काहीही असो, प्रेस स्वतःहून दुसऱ्यांदा पडू शकते, त्याला बटणं काही करू शकत नाहीत.

साकीनाक्याचा_सुपरवायझर

काका, स्वतःहून दुसऱ्यांदा पडणं आमच्या तीन नंबरला झालंय, मागच्या पावसाळ्यात, एकदा. ऑपरेटर म्हणाला पाय उचलला होता, मला वाटलं खोटं बोलतोय. ते खरं असू शकतं का?

जुना_टूलरूमवाला

शंभर टक्के खरं असू शकतं आणि त्या पोराची माफी मागा. तीन नंबर आजच बंद ठेवा.

पिनची कड झिजून गोल झाली, किंवा पिन बाहेर खेचणाऱ्या लॅचची स्प्रिंग तुटली, सैल झाली, की पिन सुटत नाही आणि दुसरी चक्कर लागते. ब्रेकच्या पट्ट्याला तेल लागलं की क्रँक वर येऊन जिथे थांबायची तिथे थांबत नाही, पुढे घसरते. बऱ्याचदा आधी लक्षण दिसतं. रॅम वर थांबतो तेव्हा क्रँकवर आणि बॉडीवर समोरासमोर एक पेंटची रेघ मारा. रोज सकाळी डाय रिकामी ठेवून, हात लांब, दहा स्ट्रोक मारायचे. प्रत्येक वेळी रेघेला रेघ भिडली पाहिजे. एखाद्या वेळी पुढे गेली, थांबताना टक असा वेगळा आवाज आला, तर त्या दिवशी ती मशीन चालवायची नाही, आधी ब्रेक नि पिन उघडून बघायची. लॅचची स्प्रिंग ताणाची असेल तर बदलून दाबाची, रॉडवर बसवलेली घ्या, ती तुटली तरी एकदम निकामी होत नाही.

याचा हुकूम: "दोनदा पडली, मला हाक." आणि हाक मारल्यावर रागवायचं नाही, कामाचा वेळ गेला म्हणून पैसे कापायचे नाहीत. रोखठोक, तुमच्या अर्ध्या पगाराचा दंड इथेच मारतो. दंड असला की पोरगा सांगतच नाही, आणि तुम्हाला वाटतं तीन वर्षांत काही झालं नाही.

रोखठोक_भांडुप

दंडाचं मला पूर्ण पटलेलं नाही, काही माणसं दंडाशिवाय ऐकतच नाहीत. पण मशीनची तक्रार करणाऱ्याला दंड नको हे मान्य. उद्या आमच्या प्रेसवर रेघा मारून घेतो.

अजून एक, माझ्या ओळखीचा एक जण गाजराचा डेमो करतो. ग्लोव्हजच्या बोटात गाजर भरून डायमध्ये ठेवतो, मोटर बंद करतो, दहा सेकंद थांबतो आणि लांबून पॅडल दाबतो. गाजराचे दोन तुकडे. मोटर बंद म्हणजे प्रेस बंद हा गैरसमज एका झटक्यात जातो म्हणे, माझा तर नुसतं वाचूनच गेला. साकीनाका, हे करून बघा.

पॅकिंगवाली_वैशाली

मला नाही पटत. ज्या मुलाचं दोन आठवड्यांपूर्वी वाचलं त्याच्यासमोर ग्लोव्हजचं बोट तुटताना दाखवणार? तो रात्री झोपेल का? घाबरलेल्या माणसाचे हात जास्त चुकतात, ओढणीनंतर मी महिनाभर बेल्टजवळ थरथरत काम करायचे आणि तेव्हाच जास्त चुका केल्या.

कुर्ल्याचा_नंदू

माझं उलट मत आहे ताई. बाबांना कोणी हे गाजर दाखवलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं. पण तुम्ही त्या मुलाचं म्हणता ते पण खरंय.

जुना_टूलरूमवाला

मी गाजर एकदाच केलं होतं आणि बंद केलं. कारण वेगळं, चाकाचा जोर कमी झाल्यावर स्ट्रोक मारला की रॅम खालीच अडकून बसण्याची भीती असते आणि मग तो सोडवायला अर्धा दिवस जातो. करायचंच तर पत्रा न घालता, डाय उघडी असलेल्या मशीनवर, आणि त्या वाचलेल्या पोराला आधी एकट्याला विचारून. भीतीने चुका वाढतात की कमी होतात, मला ३४ वर्षांत दोन्ही दिसलं, मी ठामपणे सांगू शकत नाही.

साकीनाक्याचा_सुपरवायझर

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय. काय झालं ते सांगतो.

तीन नंबर उघडली. पिनची कड अंगठ्याने चाचपली तरी गोल लागत होती आणि ब्रेकचा पट्टा तेलाने काळा झाला होता. त्या ऑपरेटरला सगळ्यांसमोर सांगितलं की तू खरं बोलत होतास, मी चुकलो. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी पाच नंबरचा वेगळा आवाज येतोय हे त्यानेच येऊन सांगितलं.

नोट केली. चौदा जणांत एकानेही पकडली नाही, आमच्या शेठने पण हात लावून बघितला, त्यांनाही जमलं नाही. मग नाही थांबत सुरू केलं. पहिल्या दिवशी हसले, आज सकाळी मी हे पॅडल म्हणायच्या आधी मागून आवाज आला, नाही थांबत. हुकूम हिंदीत केले, पैर पीछे, मेन बंद, चक्का देखो, गुटका लगाओ, फिर हाथ. ओडिशाच्या एका पोराला दाखव म्हटलं तर तो तिसऱ्यावर अडला, चाक न बघता ठोकळा घ्यायला गेला, म्हणजे ताई तुमचं खरं होतं, तो इतके दिवस नुसता हो म्हणत होता. त्याच्या गाववाल्याने त्याच्या भाषेत सांगितलं, दुसऱ्यांदा बरोबर केलं. गाजर केलं नाही. वाचलेल्या पोराला विचारलं, तो नको म्हणाला.

बटणाचं पण सांगितलं. कोणी काही बोललं नाही. जेवणाच्या सुट्टीत दोघं जण डाव्या हाताने शर्टाचं बटण लावून बघत होते.

पिंजरे चार मशीनवर लागले. दोन हातांच्या बटणांना शेठ दिवाळीनंतर बघू म्हणतात. आणि खरी अडचण तिथेच आहे, चिमट्याने दिवसाला दोन अडीचशे नग कमी निघतात आणि पोरं नगावर आहेत. संध्याकाळी पाचनंतर चिमटा बाजूला ठेवलेला मी दोनदा पकडला, ओरडलो नाही, चिमटा हातात दिला. चिमट्याच्या कामाचा रेट वाढवून द्या असं शेठना म्हटलंय, अजून उत्तर नाही. कोणाच्या गाळ्यात हे सुटलं असेल तर सांगा, रेट कसा बांधला ते.

जुना_टूलरूमवाला

रेटचं माझ्या हातात कधीच नव्हतं, त्यामुळे त्यावर खोटं सांगणार नाही. पण चिमटा कुठला वापरता? बाजारातला जड लोखंडी असेल तर नग कमी निघणारच, हात भरून येतो. ॲल्युमिनियमचा हलका करून घ्या, टोक जॉबच्या आकाराला घासून, चुकून पंचखाली आला तर डायचं पण नुकसान होत नाही. वॉशरला काडीच्या टोकाला मॅग्नेट. शनिवारी मी अंधेरीला लेकीकडे येतोय, जॉबचे दोन चार नमुने काढून ठेवा, चिमट्याचं माप घेऊन जाईन.

साकीनाक्याचा_सुपरवायझर

काका, या या. मेट्रोने साकीनाका स्टेशनला उतरा, मी घ्यायला येतो. पाच नंबरची पिन पण बघून घ्या.